सरसकट ‘वेअर’: एका इंग्रजी हस्तलिखिताच्या तपासणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका निवृत्त गृहस्थांनी मराठीत आठवणी लिहिल्या होत्या आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपात येणार होता. अनुवादिका अनुभवी होत्या. त्यांचं काम झाल्यावर मजकूर मुद्रितशोधकाकडे गेला आणि तिथून माझ्याकडे, शेवटच्या नजरेसाठी. लेखक, अनुवादिका आणि मुद्रितशोधक या तिघांची नावं इथे देत नाही. उदाहरणांतले तपशीलही बदलले आहेत, पण वाक्यांची घडण होती तशीच ठेवली आहे.

मुद्रितशोधक चोख माणूस. स्वल्पविरामापासून समासापर्यंत त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांच्या मनात एक नियम पक्का बसला होता: ‘इफ’ किंवा ‘विश’ आलं की पुढे ‘आय वॉज’ चूक आणि ‘आय वेअर’ बरोबर. पहिली काही प्रकरणं त्यांनी हाताने दुरुस्त केली. मग वेळ वाचवायला शोधा-आणि-बदला वापरून ‘इफ आय वॉज’, ‘इफ ही वॉज’, ‘इफ शी वॉज’, ‘इफ इट वॉज’ या चारही जोड्या पुस्तकभर ‘वेअर’ करून टाकल्या. बदलांची नोंद ठेवण्याची सोय त्या वेळी बंद होती, त्यामुळे कुठे काय बदललं याचा माग फाइलमध्ये राहिला नाही.

अडचण

ओरड पहिल्यांदा लेखकांनी केली. त्यांचं इंग्रजी साधं, वाचण्यापुरतं. पण स्वतःचं लिखाण त्यांना पाठ होतं. एका प्रकरणात ते थोरल्या भावाला म्हणतात, “काल मी उद्धटपणे बोललो असेन, तर माफ कर.” अनुवादिकेने लिहिलं होतं, “इफ आय वॉज रूड यस्टरडे, आय ॲम सॉरी.” आता तिथे ‘इफ आय वेअर रूड यस्टरडे’ आलं होतं. लेखकांचा फोन आला. “अहो साहेब, मी उद्धट वागलोच होतो हो! हे वाचून वाटतंय की मी वागलोच नाही, उगाच माफी मागतोय.”

व्याकरणाची परिभाषा न वापरता त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं होतं. इंग्रजीतला हा ‘वेअर’ वाचणाऱ्याला सांगतो की ही गोष्ट खरी नाही, नुसती कल्पना आहे. माफी मागताना मात्र माणूस गोष्ट नाकारत नसतो. ती घडली असण्याची शक्यता तो मान्य करतो. शिवाय ‘काल’ हा शब्द वाक्यात बसलेला, म्हणजे बोलणं सरळ भूतकाळातलं.

मी तेच प्रकरण पुढे चाळलं, तेव्हा आणखी वाक्यं सापडू लागली. “ही आस्क्ड इफ आय वेअर रेडी.” इथे ‘इफ’ म्हणजे ‘जर’ नाहीच. मी तयार आहे का, असं त्याने विचारलं, एवढाच अर्थ. अशा अप्रत्यक्ष प्रश्नात ‘वॉज’च हवा. ‘आय वंडर्ड इफ आय वेअर राँग’चंही तेच. काही जुन्या लेखनात अशा ठिकाणी ‘वेअर’ दिसतो, पण आजच्या वाचकाला ते शुद्धतेच्या नादात केलेलं सोंग वाटतं.

दुसऱ्या बाजूला, काही ठिकाणी बदल योग्यच होता. “इफ आय वॉज हिज डॉक्टर, आय वुड टेल हिम द ट्रूथ” या वाक्यात बोलणारा डॉक्टर नाही, हे त्याला आणि आपल्यालाही ठाऊक आहे. औपचारिक लेखनात तिथे ‘वेअर’ शोभतो. तेव्हा सगळे बदल खोडून टाकावेत, असंही म्हणता येत नव्हतं.

समोरचे पर्याय

मुद्रितशोधकांचं म्हणणं होतं की एकदा नियम लावला की पुस्तकभर तोच राहू द्यावा, सातत्य महत्त्वाचं. अनुवादिका भडकलेल्या. त्यांचं मत याच्या अगदी उलट: “सर, माझी जुनी फाइल जशीच्या तशी घ्या. ‘इफ आय वॉज’ चूक आहे हेच मुळात खरं नाही.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. कल्पनेच्या वाक्यात ‘वॉज’ वापरण्याची रीत इंग्रजीत आजकालची नाही, निदान तीनेक शतकं ती चालत आली आहे. हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ सालचं मोठं केंब्रिज व्याकरणही अशा ठिकाणचा ‘वॉज’ चूक ठरवत नाही. दोन्ही रूपं चालतात आणि त्यांतलं ‘वॉज’ कमी औपचारिक, असं ते म्हणतं. पण अनुवादिकेच्या जुन्या फाइलमध्ये दोन्ही रूपं मिसळलेली होती. एकाच परिच्छेदात ‘आय विश आय वेअर’ आणि चार ओळींनंतर ‘आय विश आय वॉज’, तेही एकाच निवेदकाच्या तोंडी. हे मला खटकत होतं.

तिसरा पर्याय कष्टाचा होता: प्रत्येक जागा उघडून बघायची आणि तिथे अर्थ काय आहे ते ठरवायचं. छपाईची तारीख जवळ आली होती, म्हणून मुद्रितशोधकांना हे पटेना. मी तोच धरला. कारण एवढंच, की सरसकट ‘वेअर’ ठेवला तर काही वाक्यांचा अर्थ उलटत होता, आणि अर्थ उलटण्यापेक्षा तारीख दोन दिवस पुढे गेलेली बरी.

काय केलं

आधी अनुवादिकेची मूळ फाइल आणि नवी फाइल शेजारी लावून दोन्हींची तुलना करून घेतली. वर्ड प्रोसेसरमधली तुलनेची सोय वापरली, तरी बदललेली सगळी वाक्यं वेगळी काढायला अर्धी सकाळ गेली. मग प्रत्येक वाक्यासमोर मराठी मूळ वाक्य लिहिलं. या प्रकरणात आम्हाला मिळालेली खरी सोय हीच होती, कारण इंग्रजीत जो भेद एका क्रियापदाच्या दोन रूपांत अडकून पडला आहे, तो मराठीत रोजच्या बोलण्यात उघड दिसतो.

“मी तिथे असतो तर” म्हटलं की कोणाही मराठी माणसाला कळतं, हा तिथे नाही. “मी तिथे असलो तर” म्हटलं की असेनही, नसेनही. “बोललो असेन तर” म्हणजे बोललो असण्याची शक्यता आहे. “बोललो असतो तर” म्हणजे बोललो नाही. इंग्रजीत बाकीच्या क्रियापदांना असा वेगळा ठसा उरलेला नाही. ‘इफ आय न्यू’मधलं ‘न्यू’ हे साध्या भूतकाळाचंच रूप आहे, कल्पनेलाही तेच. जुन्या इंग्रजीत कल्पनेची रूपं वेगळी होती. ती कालांतराने झिजली आणि एका ‘असणे’ क्रियापदात, तेही फक्त ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’सारख्या एकवचनी कर्त्यांपाशी, फरक शिल्लक राहिला. म्हणून तर इंग्रजी बोलणाऱ्यांनाही तो हाताशी लागत नाही आणि नियम पाठ करावा लागतो.

तर मराठी वाक्यात ‘असतो’, ‘असते’, ‘असता’ असं रूप असेल, तर ‘वेअर’चा विचार करायचा. ‘असेन’, ‘असेल’, ‘असलो’ असेल, किंवा ‘का’, ‘की’ असेल, तर ‘वॉज’ परत आणायचा. निम्म्याहून अधिक जागा या एका चाळणीने सुटल्या. अनुवादिकेलाही ती पटली, कारण त्या तशाही मूळ वाक्याकडे बघूनच अनुवाद करत होत्या.

ज्या वाक्यावर दुपार गेली

पुस्तकात एक मित्र पुरात बेपत्ता होतो. दोन दिवस काही कळत नाही. निवेदक घराच्या ओट्यावर बसून मनाशी म्हणतो, “तो जिवंत असेल, तर बहिणीकडे लपला असेल.” अनुवादिकेने निवेदकाचा विचार भूतकाळातल्या निवेदनात ओवून लिहिलं होतं: “इफ ही वॉज अलाइव्ह, ही वुड बी हायडिंग ॲट हिज सिस्टर्स.” बदललेल्या प्रतीत ‘इफ ही वेअर अलाइव्ह’ होतं.

मुद्रितशोधक या वाक्यावर अडून बसले. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटत होता. पुढच्या भागात ‘वुड’ आहे, आणि ‘वुड’ असेल तिथे अट काल्पनिक असते, हे व्याकरणाच्या पुस्तकात मिळतं. मग ‘वेअर’ नको तर काय?

पण ‘वुड’ दोन वाटांनी येतो. कल्पनेच्या वाक्यात तो स्वतःच्या हक्काने येतो. आणि निवेदन भूतकाळात असेल तर साधा ‘विल’ मागे सरकून ‘वुड’ होतो. इथे दुसरी वाट होती. निवेदक त्या क्षणी मनात म्हणाला असता, “इफ ही इज अलाइव्ह, ही विल बी हायडिंग ॲट हिज सिस्टर्स.” निवेदनासाठी हे भूतकाळात सरकवलं की ‘इज’चा ‘वॉज’ होतो, ‘विल’चा ‘वुड’ होतो. आशा शिल्लक आहे, मित्र असू शकतो. ‘वेअर’ लिहिल्यावर वाचक समजतो की तो नाही, निवेदकाला ते कळलंय आणि तो नुसता हळहळतोय. मित्र गेल्याची बातमी पुस्तकात तीन पानांनंतर येते. एका अक्षरजोडीने ती आधीच फोडली होती.

मी मुद्रितशोधकांना एवढंच म्हटलं, “काका, हे वाक्य ‘इज’ आणि ‘विल’ घालून मोठ्याने वाचा. अर्थ टिकला, तर मूळ जागी ‘वॉज’ घ्या.” त्यांनी वाचलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि मग तसलीच आणखी वाक्यं स्वतःच शोधू लागले. ही कसोटी आम्हाला तिथपासून पुढे कामी आली. वाक्य वर्तमानात आणून ‘इज’सह शहाण्यासारखं वाचता आलं, तर अट खुली आहे. ‘इफ आय ॲम हिज डॉक्टर, आय विल टेल हिम’ म्हणून पाहा, बोलणारा डॉक्टर नसताना ते वाक्य उभंच राहत नाही.

‘वुड’ची तिसरीही एक वाट निघाली. “इफ आय वॉज लेट, माय फादर वुड वेट ॲट द गेट.” मूळ मराठी: “मला उशीर झाला, की वडील फाटकाशी उभे असत.” ही सवय आहे, पुन्हा पुन्हा घडलेली गोष्ट, म्हणून ‘वॉज’. ‘इफ’च्या जागी ‘व्हेनेव्हर’ घालून अर्थ बदलला नाही, की हे ओळखता येतं.

मराठीची चाळणी जिथे फाटली

इथवर मराठीने साथ दिली, पण पुढे दोन ठिकाणी तिने फसवलं, आणि ते आमच्या लगेच लक्षात आलं नाही.

पहिलं ठिकाण काळाचं. “त्या रात्री मी तिथे असतो, तर त्याला अडवलं असतं.” ‘असतो’ दिसलं, म्हणून आम्ही ‘वेअर’ कायम ठेवला: “इफ आय वेअर देअर दॅट नाइट, आय वुड हॅव स्टॉप्ड हिम.” अनुवादिकेनेच नंतर हे पकडलं. मराठीतलं ‘असतो तर’ आजच्या कल्पनेलाही चालतं आणि होऊन गेलेल्या रात्रीच्या कल्पनेलाही. इंग्रजीत मात्र ‘इफ आय वेअर’ आत्तापुरता आहे. होऊन गेलेल्या वेळेसाठी ‘इफ आय हॅड बीन’ लागतं. म्हणजे या जागी ‘वॉज’ की ‘वेअर’ हा प्रश्नच चुकीचा होता, दोन्ही नकोत. मग ‘असतो’वाल्या सगळ्या वाक्यांना आम्ही आणखी एक प्रश्न विचारला: ही कल्पना कधीची? बोलण्याच्या क्षणाची असेल तर ‘वेअर’, त्याआधीची असेल तर ‘हॅड बीन’.

आता याच प्रश्नाने ‘विश’च्या वाक्यांत उलटा घोळ केला. “आपण दुसरीकडे कुठे असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.” ‘झालं असतं’ बघून मुद्रितशोधकांनी ‘ही विश्ड ही हॅड बीन समव्हेअर एल्स’ सुचवलं. पण त्याची इच्छा त्याच क्षणाची होती: आत्ता, या खोलीत नको, दुसरीकडे हवं. इच्छा आणि इच्छेतली स्थिती एकाच वेळची असेल, तर ‘विश्ड’ भूतकाळात गेला म्हणून आतलं क्रियापद मागे सरकत नाही. ‘ही विश्ड ही वेअर समव्हेअर एल्स’ हेच योग्य. ‘हॅड बीन’ लिहिलं तर तो एखाद्या जुन्या प्रसंगाबद्दल हळहळतोय असं होतं.

दुसरं ठिकाण ‘ॲज इफ’चं. “मी चोर असल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.” ‘असल्यासारखं’मध्ये ना ‘असतो’, ना ‘असेन’. चाळणी काहीच सांगत नाही. इंग्रजीत इथे ‘ॲज इफ आय वेअर अ थीफ’ आणि ‘ॲज इफ आय वॉज अ थीफ’ दोन्ही चालतात. पहिल्यात निवेदक आपण चोर नाही हे ठासून सांगतो, दुसऱ्यात कमी औपचारिक सूर आहे. इथे व्याकरणाने निर्णय होत नाही, सुराने होतो.

सुराचा निर्णय

अर्थाच्या जागा मिटल्यावर उरली ती वाक्यं, जिथे अट खरोखर काल्पनिक आणि आत्ताची होती. अनुवादिकेच्या मते तिथे दोन्ही रूपं चालतात, आणि ते खरंच आहे. तरी मी एक रेघ ओढली. निवेदकाच्या स्वतःच्या गद्यात ‘वेअर’, आणि संवादांत जो बोलतो त्याच्या तोंडी जे शोभेल ते. निवेदक निवृत्त, शिकलेला, वाक्यं जपून मांडणारा माणूस. त्याच्या लेखणीला ‘आय विश आय वेअर टॉलर’ शोभतं. पण त्याचा सात वर्षांचा धाकटा भाऊ रुसून म्हणतो, “आय विश आय वॉज बिग,” तिथे ‘वेअर’ घातला तर पोरगं एकदम वकील वाटायला लागतं. तो ‘वॉज’ ठेवला.

दोन गोष्टी सुराच्या कक्षेबाहेर होत्या. ‘इफ आय वेअर यू’ हा सल्ला देण्याचा ठरलेला वाक्प्रयोग आहे. ‘इफ आय वॉज यू’ बोलण्यात ऐकू येतो, पण छापील निवेदनात तो लगेच डोळ्यांवर येतो. आणि ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणलेल्या रचनेत, म्हणजे ‘वेअर आय अ यंगर मॅन’ अशा वाक्यात, ‘वॉज’ला जागाच नाही. ‘वॉज आय अ यंगर मॅन’ म्हटलं की तो प्रश्न होऊन बसतो.

परिणाम

सरसकट बदललेल्या वाक्यांपैकी निम्म्याहून जास्त परत ‘वॉज’वर आली. बरीचशी ‘वेअर’ राहिली, आणि ती कशी राहिली याचं आता कारण देता येत होतं. मोजकी वाक्यं ‘हॅड बीन’ झाली. त्यांत दोन अशीही होती, जी अनुवादिकेच्या पहिल्या फाइलमध्ये ‘वॉज’ म्हणून चुकली होती, म्हणजे ती फाइल जशीच्या तशी घेतली असती तर हे दोष छापले गेले असते. तीन-चार ठिकाणी वाक्यच नव्याने लिहिलं, कारण दोन्ही रूपांनी अर्थ डळमळत होता आणि ‘सपोज’ने सुरुवात केली की प्रश्न संपत होता.

शोधा-आणि-बदला जिथे पोचलंच नव्हतं, त्या जागा वेगळ्याने बघाव्या लागल्या. ‘इफ माय मदर वॉज’, ‘ॲज दो द हाउस वॉज’, किंवा ‘आय विश’ आणि क्रियापद यांच्यामध्ये पाच-सहा शब्द आलेली वाक्यं त्या चार जोड्यांत सापडणारी नव्हती. सरसकट बदलाने सातत्य आलं, हा समज तिथेच गळून पडला.

वेगळं काय करता आलं असतं

बदलांची नोंद सुरू असती, तर अर्धी सकाळ वाचली असती, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुद्रितशोधनाला बसताना मूळ मराठी प्रत टेबलावर असायला हवी होती. मुद्रितशोधकांकडे फक्त इंग्रजी पाठवलं गेलं होतं, आणि पुरातल्या मित्राचं वाक्य नुसत्या इंग्रजीवरून पाहिलं तर त्यांचा निर्णय अगदी वाजवी दिसतो. आशा आहे की नाही, हे त्या वाक्यात नव्हतं, ते तीन पानं पुढे होतं.

अनुवादिकेनेही सुरुवातीलाच एका ओळीचं टिपण दिलं असतं तर बरं झालं असतं: निवेदनात ‘वेअर’, संवादांत मोकळीक, अप्रत्यक्ष प्रश्नात कायम ‘वॉज’. पुढच्या पुस्तकासाठी असं टिपण तयार झालं आहे. ‘ॲज इफ’बद्दल मात्र त्यात काही लिहिलेलं नाही. त्यावर तिघांचं एकमत झालं नाही. चोराच्या वाक्यात अनुवादिकेचा ‘वेअर’ छापला गेला आणि मुद्रितशोधकांच्या प्रतीत त्या ओळीपुढे अजून पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे.